धन्यवाद हा शब्द वगळून

नवरा-बायको भांडत आमच्या समुपदेशन केंद्रात आले की कुमुदताई त्यांना भांडणाबद्दल काहीच विचारायच्या नाहीत. दोघांना समोरासमोर न बसवता एकाच बाकावर बसवायच्या, पुढ्यातली मेथीची जुडी सोडायच्या आणि पानं खुडता खुडता विचारायच्या, "काल घरी पाणी कोणं भरलं?"

माणसं गोंधळायची. तक्रारी तोंडपाठ करून आलेली असायची, आणि इथं ही बाई पाण्याचं विचारते. कुणी म्हणायचं, "ते होते जी, त्यात काय?" त्यावर ताई मान वर न करता म्हणायच्या, "आपोआप होते का? टाकीले पाय हायेत?"

मी वर्ध्याहून गोंदियाला या केंद्रात कायद्याचं काम बघायला आले तेव्हा हा सगळा प्रकार मला वेळकाढूपणा वाटला होता. कुमुद रहांगडाले हे नाव मी आधी ऐकलं होतं. कडक बाई, असं लोक म्हणायचे. प्रत्यक्षात दिसल्या त्या बुटक्या, रुंद बांध्याच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या आणि टेबलावर कायम कुठलीतरी भाजी घेऊन बसणाऱ्या. घरी जाऊन निवडायला वेळ नसतो, आणि हात कामात असले की समोरचा माणूस मोकळा बोलतो, ही त्यांची दोन कारणं. खेड्यातून आलेल्यांशी त्या झाडीबोलीत बोलायच्या, बाजारातल्या व्यापाऱ्यांशी हिंदीत, आणि पोवार बाया आल्या की पोवारीत. शिव्या मात्र तिन्ही भाषांत सारख्याच मायेनं द्यायच्या.

मुलं मोठी झाल्यावर बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं. इंग्रजी शोधनिबंध त्या फोनवर अर्थ बघत बघत, ओठ हलवत वाचायच्या. त्यातला एक विषय त्यांनी धरून ठेवला होता : वर्षानुवर्षं एकत्र राहणारी माणसं एकमेकांच्या साध्या कामांची दखल घेतात की नाही, आणि घेतली तर काय होतं.

'धन्यवाद' या शब्दाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता. "सभेतला शब्द हाय तो," त्या म्हणायच्या. "अध्यक्षायचे आभार, माइकवाल्याचे आभार, आन् मंग सतरंजी गुंडाळायची. घरात कोणी धन्यवाद म्हणलं तं माणूस म्हणते, काऊन, मी पावणा हाय का? आपल्याकडं आभार मानले तं माणूस परका होते. म्हणून शब्द सोडा. पण दिसलं हे तं सांगा!"

त्यांचा आग्रह काय होता, ते मला खेमलाल आणि दुर्गा यांच्या बैठकीत पहिल्यांदा समजलं.

खेमलाल राइस मिलमध्ये मशीनवर होता. दुर्गा घर, सासू आणि लेकरू सांभाळून विड्या वळायची. ती माहेरी निघून गेली होती आणि परत यायला तयार नव्हती. मारहाण नाही, दारू नाही. "या घरात मी दिसतच नाही कोणाले," एवढीच तिची तक्रार. खेमलालला ती तक्रारच वाटत नव्हती.

"काल तं ती माहेरी होती," तो पाण्याच्या प्रश्नावर म्हणाला.

"मंग ती घरी होती तवाचं सांगा," ताई म्हणाल्या. "तिनं तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट."

"डबा देये."

"डबा सगळ्यायलेच भेटते. तुमच्या डब्यात काय राहे?"

खेमलाल जरा चिडला. "भाजी-पोळी. भात. कमी मिरचीची भाजी. मले ॲसिडिटी हाय."

"घरचे सगळेच कमी मिरचीची खातात?"

"नाही जी. मायले तं तिखट लागते. तिले मिरचीबिगर घास नाही जात."

"मंग तुमची मिरची कमी कोणं केली?"

खेमलाल बायकोकडे वळला. ती खिडकीकडे बघत होती.

"तू दोन भाज्या करत होती?" त्यानं विचारलं.

"मंग काय, एकाच गंजात दोन भाज्या शिजतात?" दुर्गा म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला. "लग्न झालं तवापासून."

ताईंनी त्याला तिथंच सोडलं नाही. त्यानं "चांगली हाय जी ती" असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चांगली हाय हे कोणालेही म्हणता येते. तिनं काय केलं, तिले काय त्रास पडला, अन् तुमच्यासाठी कोणता विचार केला, ते तिच्याकडं पाहून सांगा." त्याला ते जड गेलं. घाम पुसत, अडखळत तो म्हणाला, "तू सकारी दोनदा चूल पाह्यत होती. माह्या पोटाची तुले फिकीर. मले वाटे भाजी अशीच राहते."

मग ताई दुर्गाकडे वळल्या. "आता तू."

"हा काहीच करत नाही," ती म्हणाली. आणि मग, जणू स्वतःशीच, "सायकल उचलून आणते घरात. कामावरून येते तवा. साखळी वाजली तं लेकरू उठते म्हणून."

"मले वाटलं तुले मालूम नाही," खेमलाल म्हणाला.

ती दोघं त्या दिवशी एकत्र गेली नाहीत. पुढे दोन-तीनदा आली, आणि मग एकत्रच घरी गेली. मधल्या काळात ताईंनी खेमलालला आणखी एक गोष्ट समजावली होती, जी मी अजून विसरलेले नाही. घरात पसारा दोघांनाही दिसतो, पण एकाच्या डोळ्यांत तो लवकर खुपतो. ज्याच्या डोळ्यांत खुपतो तो उठून आवरतो. दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपायची वेळ यायच्या आतच तो पसारा गेलेला असतो. असं चार दिवस झालं की ते काम त्याचंच ठरतं, आणि ज्याचं काम त्यानं ते केलं तर त्यात विशेष काय, असं दुसऱ्याला वाटायला लागतं. "म्हणून नुसतं पाहून चालत नाही, गा," ताई त्याला म्हणाल्या. "झाडूही घ्या हातात. तोंडानं गोड बोलून काम तिच्याच आंगावर ठेवलं, तं ते गोड बोलणंही एक दिवस कडू लागते."

बैठक संपली की आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचो. ताईंचा बिनसाखरेचा, वर चिमूटभर बडीशेप. तिथं मी वकिलासारखी उलटतपासणी करायचे. हे सगळं कशावरून?

त्या मन लावून सांगायच्या. संशोधकांनी जोडप्यांना काही दिवस रोज संध्याकाळी विचारलं, आज जोडीदारानं तुमच्यासाठी काय केलं, आणि तुम्हाला कसं वाटलं. ज्या दिवशी एखाद्याला मनापासून कृतज्ञता वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला नातं जरा जवळचं वाटलं, आणि गंमत म्हणजे ज्यानं काम केलं होतं त्यालाही. लसीच्या बूस्टर डोससारखं, आधीच्या नात्याला वरून बळ देणारं. दुसऱ्या काहींनी जोडप्यांना आपसात आभार मानायला लावून ते ऐकलं. "माझं काम सोपं झालं" एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा "तू माझा विचार केलास" असं म्हणणाऱ्याचं बोलणं समोरच्याच्या जास्त आत उतरलं. आपली किंमत जोडीदाराला आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पैशांची ओढाताण आणि भांडणं असूनही नातं कमी खचलं, आणि हे वर्षभराहून अधिक काळ मागोवा घेऊन पाहिलेलं. आणि माणसं आभार मानायला कचरतात, कारण समोरच्याला अवघड वाटेल असा अंदाज ते जास्त बांधतात आणि त्याला किती बरं वाटेल याचा अंदाज कमी.

"म्हणजे सिद्ध झालं," मी म्हणाले.

"घाई करू नोको," ताई म्हणाल्या. "सुखी माणसं जास्त आभार मानतात का आभारानं सुखी होतात, हे पुरतं सुटलं नाही. दोनी बाजूनं खरं असन. मुद्दाम आभार मानायले लावून पाह्यलं तवा फरक पडला, पण लहान. कुठं कुठं तं पडलाच नाही. आन् ते जोडपे बहुतेक परदेशातले, आपल्या गोंदिया-देवरीचे नव्हते. मी दवाई म्हणून देत नाही हे. मीठ म्हणून देतो. जेवण नसन तं मीठ खाऊन पोट भरत नाही."

देवरीकडची एक बाई आली तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला.

तिचं नाव सांगत नाही. जंगलपट्ट्यातल्या गावाहून बसनं सासऱ्यासोबत आली होती. पोलिसांनी तिला आमच्याकडे पाठवलं होतं. हाताला पट्टी होती. नवरा आला नव्हता. सासरा हात जोडून म्हणत होता, "समजावून सांगा मॅडम, घर मोडू नका." त्या दिवशी केंद्र बघायला आलेले एक अधिकारी बसले होते. ताईंच्या कामाचं त्यांनी कौतुक ऐकलं होतं. ते उत्साहानं म्हणाले, "तुमची ती चांगल्या गोष्टी सांगायची पद्धत आहे ना, ती वापरा. नवऱ्याचं काहीतरी चांगलं ती सांगेल, मन निवळेल."

ताईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिलंही नाही. सासऱ्यासोबत त्यांनाही बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं. पण बाईनं अधिकाऱ्यांचं बोलणं ऐकलं होतं, आणि तिला वाटलं उत्तर द्यायलाच हवं.

"मलम लावते जी तो," ती म्हणाली. "मारल्यावर. दुसऱ्या कोणाले लावू नाही देत, स्वतःच लावते. रडते पण. तवा मले वाटते, मन चांगलं हाय त्याचं."

ताईंनी हातातली भाजी बाजूला सारली. मी तेवढं एकदाच त्यांना भाजी बाजूला सारताना पाहिलं.

"माय," त्या म्हणाल्या, "मलम लावाची पाळीच कायले आली, ते सांग."

बाईनं हातावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग सगळं बोलली. मी लिहून घेतलं. संरक्षण अधिकाऱ्यांना फोन केला, अर्ज केला, तिच्या राहण्याची सोय त्याच दिवशी झाली. संध्याकाळी ते अधिकारी जायला निघाले तेव्हा ताई त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ज्याचा हात उठते त्याच्या घरात हे करायचं नसते. तिथं बाईनं चांगलं शोधलं तं ती आणखी थांबते. आणखी मार खाते. कृतज्ञता माणसाले बांधते. कोणाले बांधून राह्यलो, हे आपण पाह्यलं पायजे."

अधिकारी ओशाळले. "माझ्या लक्षात आलं नाही," म्हणाले. ताईंनी त्यांना बडीशेप दिली.

ताईंच्या स्वतःच्या घराबद्दल मला फार माहीत नव्हतं. फुलचूरला त्यांचं बैठं घर होतं. होमराजभाऊ, त्यांचे यजमान, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, ते वाइंडिंगचं काम. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. आमच्या केंद्रासमोर स्कूटर उभी करून ताईंना घ्यायला यायचे आणि आत कधीच यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "ताई, घरी तुम्ही एकमेकांना सांगता का, दिसलेलं?"

"मी सांगतो," त्या म्हणाल्या. "तो 'हूं' म्हणते."

"आणि ते काही सांगत नाहीत?"

"मोटारवाला माणूस हाय तो. चालू हाय तोवर आवाज करत नाही."

हसून त्यांनी विषय संपवला. पण त्या हसण्यात कुठंतरी थोडी खंत होती, असं मला वाटलं.

मग ताई आजारी पडल्या. आधी पावलांना मुंग्या आल्या, मग पायऱ्या चढवेनात, मग हातातून मेथीची काडी निसटायला लागली. चार दिवसांत पायातलं बळ गेलं आणि हातातलंही जाऊ लागलं. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गुलियन-बारे नावाचा आजार सांगितला. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते आणि नसांवरचं आवरण खराब होतं. शिरेतून महागडी इंजेक्शनं दिली. श्वासापर्यंत आजार पोचला नाही, एवढं नशीब. होमराजभाऊंनी डॉक्टरांना समजून घेण्यासाठी विचारलं, "म्हणजे तारेवरची वार्निश जळली, तार शाबूत हाय?" डॉक्टर हो म्हणाले. आवरण पुन्हा येईल, पण हळूहळू, महिने लागतील. भाऊंच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा जरा रंग आला, असं ताईंची मुलगी मला म्हणाली. ती रायपूरला नोकरीला. काही दिवस राहून तिला परत जावं लागलं.

भाऊंनी दुकान बंद ठेवलं. ताईंना उठवणं, बसवणं, अंघोळ, पाठीला तेल, वेणी, घास, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. एक बाई दुपारी यायची, पण ताईंना तिचा हात नको असायचा.

मी दर रविवारी जायचे. पहिल्या काही रविवारी मला ते घर पाहून भरून यायचं. भाऊ पाण्याचा पेला ओठांशी धरायचे आणि ताई म्हणायच्या, "बरं केलं तुम्ही, घसा सुकला होता." उशी सरकवली की, "मान अवघडली होती, तुम्हाले दिसलं." माशी हाकलली तरी. मला वाटायचं, आयुष्यभर शिकवलं ते स्वतः जगताहेत.

भाऊंचा चेहरा मात्र दिवसेंदिवस मिटत चालला होता.

एका रविवारी ते ताईंना पेज भरवत होते. तांदळाची पातळ पेज, मीठ आणि जिरं घातलेली. पहिल्या चमच्याला ताई म्हणाल्या, "चव आली." दुसऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जिरं भाजून टाकलं, एवढी मेहनत घेतली." तिसरा चमचा ओठांपाशी नेला आणि ताई तोंड उघडून बोलायला लागल्या तशी भाऊंनी चमचा वाटीत आपटला. पेज चादरीवर सांडली.

"चुप बस ना!" ते पोवारीत ओरडले. पुढचं मला अर्धं कळलं, अर्धं ताईंनी नंतर सांगितलं. "दर घासाले बोलून राह्यली. मी दवाखान्यातला नोकर हाय का? घास खाल्ला का दाम चुकवते, घास खाल्ला का दाम चुकवते. माह्या हातचं एकदा तं फुकट खा!"

ते वाटी घेऊन मागच्या अंगणात गेले. मोरीत भांडं घासल्याचा आवाज येत राहिला, एका वाटीला लागेल त्याच्या कितीतरी जास्त वेळ.

मी चादर बदलली. ताई छताकडे बघत होत्या. हात उचलता येत नव्हता म्हणून डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. मी पुसलं. आणि त्यांनी मला काहीच म्हटलं नाही, तेव्हा मला कळलं की त्या विचार करत आहेत.

"बरोबर बोलला तो," त्या म्हणाल्या. "दोन वेगळ्या गोष्टी हायेत या. मी लोकायले शिकवतो आन् मलेच उमगलं नाही. एक राहते कृतज्ञता. त्यात नजर समोरच्यावर राहते, का याच्या मनात माह्यासाठी काय हाय. दुसरं राहते ओझं. त्यात नजर आपल्यावरच राहते, का मी किती घेऊन राह्यली, कधी फेडन. बाहेरून दोनीचे शब्द सारखेच. मले इतके दिवस तो दिसलाच नाही. मले माहं पडून राहणं दिसे. भेव वाटे, कंटाळन हा. म्हणून दर घासाले काहीतरी देऊन टाको."

"पण तुम्ही खोटं नव्हत्या बोलत," मी म्हणाले.

"नाही. पण त्याच्यासाठी नव्हती बोलत."

पुढच्या रविवारी त्या गप्प होत्या. भाऊंनी घास दिला, त्यांनी खाल्ला. पाणी दिलं, प्यायल्या. पाय चोळले, डोळे मिटले. फुकट घेण्याचा त्या सराव करत होत्या. हे त्यांच्यासाठी नसा भरून येण्याइतकंच अवघड होतं. कपाळावर आठी पडायची, ओठ हलायचे आणि त्या ते दाबून धरायच्या. भाऊंनाही सुरुवातीला ते खटकलं असावं. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. ते काम करता करता स्वतःशी गुणगुणायला लागले.

पावसाळा सरत आला होता, ताईंच्या बोटांत थोडी हालचाल येऊ लागली होती. त्या दुपारी मी गेले तर भाऊ त्यांची वेणी घालत होते. ताई पलंगाला टेकून बसल्या होत्या. मी दाराशीच थांबले. भाऊंनी एका हातानं केस मुळाशी दाबून धरले होते आणि दुसऱ्या हातानं विंचरत होते. तीन पेड, प्रत्येक पेड सारख्या ताणाचा. तार गुंडाळताना असायचे तसेच हात.

"मुळाशी धरून विंचरता तुम्ही," ताई म्हणाल्या.

भाऊंचे हात थांबले. पुन्हा सुरू झालं की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"पोरीची वेणी मी घातली, मायची घातली," ताई म्हणाल्या. "मी कधी असं धरलं नाही. ओढून मोकळी होये. हे कुठून आलं तुमच्यात?"

"तार ओढली का तुटते," भाऊ म्हणाले. "केस तुटत नाही, पण मुळं दुखतात. तू तोंड वाकडं केलं होतं. लग्नातलं सांगतो. तुह्या काकीनं तुले विंचरलं होतं मांडवात."

"ते पाह्यलं होतं तुम्ही?"

"हूं."

भाऊंनी वेणीला रबर लावलं, ती पुढं घेऊन खांद्यावर ठेवली. मग ते मागेच उभे राहिले. बायकोचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, बहुधा म्हणूनच त्यांना बोलता आलं.

"माय शेवटी शेवटी लई हळू खाये," ते म्हणाले. "दात नव्हते. सगळ्यायचं होऊन जाये, तिचं अर्धं ताट राहे. तू उठे नाही. तुह्यं जेवण झालेलं राहे, हात वाळून जाये, पण तू बसून राहे तिच्यासमोर. काही बोले नाही, नुसती बसे. घरात दुसरी कामं पडलेली राहत. माय एकटी कधी जेवली नाही, तुह्यामुळं."

ताईंच्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मले तं आठवतही नाही," ताई म्हणाल्या. "मले वाटे सगळेच बसतात."

"माह्या भावाच्या घरी कोणी नव्हतं बसत," भाऊ म्हणाले. "मी पाह्यलं हाय." आणि ते कंगवा धुवायला निघून गेले.

मी तशीच परत फिरले. त्या घरात त्या वेळी माझं काही काम नव्हतं.

त्यानंतर ताई काठी घेऊन चालायला लागल्या, वर्षभरानं केंद्रातही आल्या. बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. मेथी जमायची नाही, म्हणून शेंगा फोडायला घ्यायच्या. जोडप्यांशी आता त्या कमी बोलायच्या. कधी कधी एखाद्याला म्हणायच्या, "आज काही सांगू नोको. तिनं दिलेला चहा नुसता पी. सगळा पी." आणि मला टपरीवर म्हणाल्या होत्या, "कागदावर वाचलं होतं मी, का आभारात समोरचा दिसला पायजे. वाचून समजलं असं वाटे. देणाऱ्यालेच घेता येत नाही, बाई. घेणं शिका लागते."

मग माझी वर्ध्याला बदली झाली. त्याच हिवाळ्यात ताई गेल्या. छातीत कफ झाला, आजारानं अंग आधीच खिळखिळं होतं. मुलीचा फोन आला तेव्हा मी कोर्टात होते, जाता आलं नाही. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते मी गोंदिया सोडलं त्या सकाळचं.

दोघंही स्टेशनवर आले होते. येऊ नका म्हटलं होतं तरी. भाऊंनी दुकानातलं लोखंडी स्टूल स्कूटरला बांधून आणलं होतं, कारण फलाटावरच्या बाकावर जागा मिळेल याचा भरवसा नव्हता. ताई त्यावर बसल्या. मी गाडीत चढून खिडकीशी आले. गाडी सुटायला अवकाश होता. बोलायचं सगळं बोलून झालं होतं, म्हणून आम्ही उगाच डब्यांबद्दल बोलत होतो.

पत्र्याच्या टोकावरून ऊन खाली सरकलं आणि ताईंच्या तोंडावर आलं. त्यांनी डोळे बारीक केले. भाऊंनी पाहिलं. उठ म्हटलं नाही, काही विचारलंही नाही. त्यांनी खाली वाकून स्टुलाचे दोन पाय धरले आणि ताईंसकट ते मागं ओढायला सुरुवात केली. फरशीवर लोखंडाचा असा कर्कश आवाज झाला की हमाल वळून पाहायला लागले.

"अगा! पडन ना मी!" ताई ओरडल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं भाऊंची कॉलर धरलेली. "लोक पाहून राह्यले! थांबा ना!"

"पाहू दे," भाऊ म्हणाले आणि ओढत राहिले. सावलीत पोचल्यावर सरळ झाले, धापा टाकत.

ताईंनी कॉलर सोडली. पदर नीट केला. मग काठी डावीकडून उचलून उजवीकडे घेतली आणि स्टुलावरच थोडं सरकून बसल्या, म्हणजे डाव्या बाजूला सावलीचा पट्टा मोकळा झाला. भाऊ तिथं येऊन उभे राहिले.

गाडी हलली. मी हात केला. भाऊंनी हात वर केला. ताई माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा भाऊंवर काहीतरी चिडून बोलायला लागल्या. ते खाली वाकून, कान पुढं करून ऐकत होते.